बत्तीसवर थांबलेला नचिकेत

नचिकेत देवस्थळीला घराबाहेर काढणं हा आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळींचा जुना आणि कायम हरलेला उद्योग होता. दर जानेवारीत संक्रांतीला आमची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. नचिकेत दरवर्षी नाव नोंदवायचा, तिळाच्या वड्या मी आणेन म्हणायचा, आणि बस निघायच्या वेळेला त्याचा फोन यायचा. "केतकी, आईला आज जरा बरं नाहीये यार, तुम्ही व्हा पुढे." वड्या मात्र तो कोणाबरोबर तरी पाठवायचा. त्या चांगल्या असायच्या, म्हणूनच जास्त राग यायचा.

मी केतकी. माझा नवरा परीक्षित ऑडिटमध्ये आहे आणि मी आणि नचिकेत दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात, एकाच मजल्यावर होतो. कित्येक वर्षं संध्याकाळी एकाच मेट्रोने परत यायचो. त्याचं लग्न झालं नाही. का नाही झालं, याची मंडळात तीन उत्तरं आहेत, पैकी एकही खरं नसावं. घरी तो आणि त्याची आई, विजयालक्ष्मी काकू. काकूंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. दिवसा एक बाई असायची. नचिकेत आला की ती निघायची, आणि ती निघाली की नचिकेतचा दिवस संपायचा. दाराला कडी, गॅसवर खिचडी, टीव्हीवर बातम्या. चोपन्न वर्षांचा माणूस, पण संध्याकाळी त्याच्याकडे पाहिलं की वसतिगृहात सुट्टीतही मागे राहिलेल्या मुलासारखा दिसायचा.

तो बाहेर येत नाही तर आपण आत जाऊ, असं परीक्षितने ठरवलं. त्याला कारणही सापडलं. नचिकेत तरुणपणी तीन वर्षं लंडनला आपल्या वकिलातीत असिस्टंट होता. तिथे खोलीखालच्या पबमध्ये तो डार्ट्स शिकला, नुसता शिकला नाही, तर तिथल्या टीममधून खेळायचा. तो बोर्ड अजून माळ्यावर होता. "तू आम्हाला शिकव," परीक्षित म्हणाला. "तुझ्याच घरी. काकूंना सोडायला नको, काही नको."

खरं सांगायचं तर आम्हालाही ते हवं होतं. आमची लेक इशिता कॅनडाला गेल्यापासून आमच्या घरात मी आणि परीक्षित सिलिंडर संपत आला का, एवढ्यावरच बोलायचो. शुक्रवारची संध्याकाळ तर अंगावर यायची. पण हे तेव्हा कोणी कबूल केलं नाही. आम्ही नचिकेतवर उपकार करायला निघालो होतो.

बोर्ड लावायला भिंत नव्हती. एका भिंतीला कपाटं, एका भिंतीला देवघर आणि कूलर. म्हणून तो बाल्कनीच्या दारावर लागला. दिवाळीनंतर धुरामुळे ते दार तसंही कोणी उघडत नव्हतं. परीक्षितने टेप आणली आणि दारापासून सात फूट सव्वानऊ इंच मोजून जमिनीवर पट्टी चिकटवली.

"चूक," नचिकेत म्हणाला. "अंतर दारापासून नाही, बोर्डाच्या तोंडापासून. बोर्डाची जाडी धरली नाहीस. आणि मधला लाल ठिपका जमिनीपासून पाच फूट आठ इंचावर. तोही खाली आलाय."

ऑडिटवाल्याचं मोजमाप पहिल्याच मिनिटाला परत आलं. मला फार बरं वाटलं.

नचिकेत शिकवायला लागला की वेगळाच माणूस व्हायचा. पाठ सरळ, आवाज मोकळा. "बघा, बोर्डावर तारेने पाडलेली वीस घरं. बाहेरची ही बारीक पट्टी म्हणजे डबल, त्या घराचे दुप्पट. ही आतली बारीक पट्टी ट्रिपल, तिप्पट. मधला लाल बुल पन्नास, त्याच्याभोवतीचं हिरवं पंचवीस. आता सांगा, एका डार्टमध्ये सगळ्यात जास्त गुण कुठे?"

"बुल," आम्ही दोघं एकदम.

"सगळे हेच सांगतात. ट्रिपल वीस. साठ. पण विसाच्या एका बाजूला एक आहे आणि दुसऱ्या बाजूला पाच. मोठ्याच्या शेजारी मुद्दाम छोटे बसवलेत. हात हलला की शिक्षा. म्हणून शिकताना लोभ नको. जिथे लागतात तिथे मारा."

खेळ उलटा आहे, हे समजायला आम्हाला दोन शुक्रवार लागले. गुण मिळवायचे नसतात, संपवायचे असतात. तो पाचशे एकपासून सुरू करायचा, आम्हा नवशिक्यांना तीनशे एक. एका पाळीत तीन डार्ट. जे लागेल ते वजा. शेवटी बरोबर शून्य व्हायला पाहिजे, आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच लागला पाहिजे. मधला लाल बुलही डबल धरतात, पंचविसाचा डबल.

एकदा परीक्षितचे साठ राहिले होते. त्याने डोळे मिटल्यासारखा एक डार्ट भिरकावला आणि तो थेट ट्रिपल विसात! त्याने दोन्ही हात वर केले. "साठ वजा साठ शून्य! खतम!"

"बस्ट," नचिकेत शांतपणे म्हणाला.

"क्या बस्ट? शून्य झालं ना?"

"शून्य झालं, पण ट्रिपलने झालं. डबलने नाही. पाळीतलं सगळं रद्द. पुन्हा साठ."

"हा अन्याय आहे!"

"नियम आहे. साठला एक साधा वीस मारायचा, चाळीस उरतात, मग डबल वीस. शून्याच्या खाली गेलास तरी बस्ट, आणि एक उरला तरी बस्ट. कारण एकाचा डबल नसतो. सगळ्यात लहान डबल दोन."

"आमच्याकडे एकाचा फरक राइट-ऑफ करतात," परीक्षित पुटपुटला.

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. त्यांची खोली हॉलला लागून होती आणि दार अर्धं उघडं असायचं. त्या कधी बाहेर येत नसत, पण ऐकत असत सगळं.

मला जे खरं आवडलं ते बत्तीस. नचिकेत म्हणायचा, शेवट जवळ आला की आकड्याकडे नाही, आकड्यानंतर काय उरतं तिकडे बघा. "तुझे बावन्न आहेत ना केतकी? वीस मार. का? बत्तीस उरतात. बत्तीसला डबल सोळा. समजा चुकलीस आणि पट्टीच्या आत, साध्या सोळात लागला, तर उरले सोळा. डबल आठ. पुन्हा आत पडला, आठ उरले. डबल चार. मग डबल दोन, मग डबल एक. चुकत गेलीस तरी दर वेळी समोर एक दार उघडंच. चाळीसचं तसं नाही. डबल वीस, चुकला तर डबल दहा, चुकला तर डबल पाच, आणि तिथे साधा पाच लागला की पाच उरतात. विषम. आता आधी एक मारून चार करायचे, मग डबल दोन. फुकट एक डार्ट गेला."

"आणि एकसष्ट असले तर?" परीक्षितने विचारलं. त्याला नेहमी अवघड प्रश्न लागतात.

"ट्रिपल पंधरा, पंचेचाळीस गेले, सोळा उरले, डबल आठ. ट्रिपल हुकून साधा पंधरा लागला तर सेहेचाळीस. मग सहा मारून चाळीस करायचे, डबल वीस. रस्ता पहिल्या डार्टच्या आधी डोक्यात पाहिजे, आणि तो चुकला तर दुसरा रस्ताही."

इतका रस्ते सांगणारा माणूस, आणि स्वतः मात्र घर-ऑफिस-घर. मला काकूंचा राग यायचा, उघड सांगते. इतका गुणी मुलगा एका वॉकरला बांधून ठेवलाय, असं मी परीक्षितला परतीच्या वाटेवर ऐकवायची. परीक्षित म्हणायचा, "तू त्यांच्या जागी असतीस तर?" मी म्हणायची, "मी इशिताला कधी थांबवलं का?"

आमचा घरचा नियम साधा होता. एका संध्याकाळी एकच डाव. डाव संपला की चहा, चहा झाला की घरी. कोणीही डबल मारून संपवला की संपला. आता मी आणि परीक्षित डबलपाशी पोचलो की तिथेच दळण दळत बसायचो, ते ठीक. नवशिके. पण नचिकेतही आमच्याबरोबर अडकायचा. पाचशे एकवरून तो सरसर खाली यायचा, आमच्या आधी चाळीसवर किंवा बत्तीसवर येऊन उभा राहायचा, आणि मग त्याला संपवता येत नसे. "हात गेला यार," तो हसून म्हणायचा. "वय झालं." डाव कधी नऊपर्यंत चालायचा, कधी त्याच्याही पुढे. शेवटी परीक्षितचाच एखादा डार्ट आंधळ्याच्या गाईसारखा देवाच्या भरवशावर डबलमध्ये शिरायचा. चहा व्हायचा. आम्ही जिन्यात पोचेपर्यंत नचिकेत दारात उभा असायचा.

जानेवारीत मेट्रोत बसलो असताना त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "मला पोलंडमध्ये, वॉर्साला पोस्टिंग देतायत. तीन वर्षं. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय."

मी ओरडलेच. डब्यातल्या बायका बघायला लागल्या. "अरे मग? रिटायरमेंटच्या आधीची ही शेवटची संधी आहे तुझी!"

"हो. पण कसं जमणार? आई आहे ना."

"काकूंना घेऊन जा."

"तिथली थंडी? तिच्याने विमानात बसवणार नाही."

"चंद्रप्रभा आहे ना पुण्याला?" चंद्रप्रभा त्याची धाकटी बहीण.

तो खिडकीकडे बघत राहिला. भुयारातली मेट्रो, बाहेर काय दिसणार! "आई नाही राहणार तिच्याकडे," तो म्हणाला. "तिला मीच लागतो."

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, डब्यात मऊ गुरगुट्या भात आणि मेतकूट घेतलं, आणि नचिकेत ऑफिसात असताना काकूंकडे गेले. आडवळणाने बोलायचं ठरवलं होतं. ते मला कधी जमलेलं नाही.

"काकू," मी म्हटलं, "राग मानू नका. पण त्याला जाऊ द्या हो. तुम्ही काही दिवस चंद्रप्रभाकडे राहिलात तर..."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पण नजर स्वच्छ. "त्याला मोकळीक मिळावी म्हणून मी दिवाळीतच तिला हो म्हटलंय," त्या म्हणाल्या. "तिने खोली रिकामी केली, कमोडला दांडा बसवला. तिकीट काढू का म्हणून ती नचिकेतला फोन करते आणि तो म्हणतो, थांब जरा."

मी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मला वाटायचं, तुम्हीच त्याला अडकवलंय," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी खेळ संपतच नाही तुमचा."

"अहो, तो चुकतो. शेवटचं डबल त्याला लागत नाही."

"चुकतो?" काकू हसल्या, पण ते हसू मला आवडलं नाही. "मी इथे पडून ऐकत असते. बाण त्या फळीत रुतला की ठप्प वाजतं. तारेवर लागला की टिंग. दारावर गेला की खट्. परीक्षितचं रोज निम्मं खट् असतं. तुझं टिंग आणि खट्. पण नचिकेतचं? ठप्प, ठप्प, ठप्प. तिन्ही सारखे. त्याचं खट् मी एकदाही ऐकलेलं नाही. चुकणाऱ्याचा बाण असा वाजत नाही, केतकी."

भाताचा डबा तसाच राहिला. मी घरी आले ती स्वतःवरच चिडून. महिनेन् महिने समोर उभी राहून जे मला दिसलं नाही, ते भिंतीपलीकडे पडलेल्या बाईला ऐकू आलं होतं.

त्या शुक्रवारी मी खेळायला नाही, बघायला गेले. बाहेर धुक्याने समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती. खिडक्या बंद, एअर प्युरिफायर घुरघुरत होता. नचिकेत मजेत होता. त्याने भजी तळली होती. वॉर्साचा विषय परीक्षितने काढला तर म्हणाला, "सोमवार लांब आहे."

डाव रंगला. मी मुद्दाम वेळ काढत राहिले आणि नचिकेत बत्तीसवर आला. तो पट्टीवर उभा राहिला. पहिला डार्ट सोळाच्या घरात, साधा. उरले सोळा. दुसरा आठाच्या घरात, साधा. उरले आठ. आता डबल चार. चाराचं घर वर उजवीकडे, विसाजवळ. आठाचं खाली डावीकडे. तिसरा डार्ट गेला आणि आठाच्याच घरात, आधीच्या डार्टला चिकटून बसला. शून्य झालं, पण डबलने नाही.

"अरेरे, बस्ट," नचिकेत म्हणाला. "परत बत्तीस. हात गेला यार."

ठप्प, ठप्प, ठप्प.

मी बोर्डापाशी गेले. आठाच्या घरातले दोन डार्ट एकमेकांना खेटून होते. "नचिकेत, डबल चार कुठे आहे?"

"तिकडे."

"आणि हा डार्ट कुठे आहे?"

तो हसला. "चुकला ना."

"चुकलेला डार्ट शेजारच्या घरात पडतो. तारेवर आपटतो. दारात घुसतो. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपल्या भावाला मिठी मारत नाही. गेल्या शुक्रवारी चाळीस असताना तू वीस मारलास, दहा मारलास, आणि पुन्हा दहा मारलास. मी तेव्हा तुझं सांत्वन केलं होतं! आम्हाला काय मूर्ख समजतोस?"

"केतकी, हळू," परीक्षित म्हणाला.

"हळू कशाला? दिवाळीपासून काकू पुण्याला जायला तयार बसल्या आहेत. आणि हा मंडळात सांगत फिरतो, आई सोडत नाही!"

नचिकेतच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला. तो हळूच खुर्चीवर बसला.

"संपवलं की तुम्ही उठता ना," तो म्हणाला.

एवढंच. मी भांडायला उभी होते आणि माझ्या हातातलं भांडणच गळून पडलं.

"तुम्ही जाता," तो पुढे म्हणाला, "मी कडी लावतो. मग तो कूलर आहे, देवघर आहे, हे दार आहे. आईला झोप लागते. मी इथे बसतो. शुक्रवार जेवढा लांबेल तेवढा बरा. आणि तिकडे... तिकडे काय, परीक्षित? तिकडे शुक्रवारही नाही. लंडनला होतो तेव्हा मी तिशीचा होतो. आता त्या थंडीत कोणाच्या दारात जाऊन उभा राहू? आणि आई गेली की परत यायला हे घर तरी असेल का? इथे मला गुदमरतं. पण इथलं गुदमरणं माहितीचं आहे."

आतून वॉकरचा आवाज आला. टक, पाय, टक, पाय. काकू इतक्या महिन्यांत पहिल्यांदा शुक्रवारी हॉलमध्ये आल्या. परीक्षित खुर्ची द्यायला धावला, पण त्या उभ्याच राहिल्या.

"माझ्या नावावर बसू नकोस, नचिकेत," त्या म्हणाल्या. "बसायचं तर स्वतःच्या नावावर बस. मी जाईन चंद्रप्रभाकडे. तू वॉर्साला जा नाहीतर इथेच राहा. पण विजयालक्ष्मीमुळे राहिला, असं मला मेल्यावर ऐकायचं नाहीये."

"आई, मला भीती वाटते," तो म्हणाला. चोपन्न वर्षांचा माणूस आमच्यासमोर असं म्हणाला आणि त्याला लाज वाटली नाही.

"मलाही वाटते," काकू म्हणाल्या. "जावयाच्या घरी जायचंय या वयात. त्या दांड्याला धरून. किती राहिलेत तुझे?"

"बत्तीस."

"मग टाक."

मी आणि परीक्षितने आमच्या पाळ्या सोडल्या. नचिकेत उठला, डार्ट काढून घेतले आणि पट्टीवर आला. त्याने पट्टीवर पाय दोनदा बदलले.

पहिला डार्ट टिंग करून तारेवर आपटला आणि जमिनीवर पडला. बत्तीस तसेच. दुसरा डबल सोळावर जायचा तो शेजारच्या आठात पडला. उरले चोवीस, म्हणजे डबल बारा. तिसऱ्याला त्याने बराच वेळ नेम धरला. डार्ट बोर्ड सोडून बाल्कनीच्या दारात घुसला.

खट्.

"हा कोणाचा?" काकूंनी विचारलं. त्या समोरच उभ्या होत्या, पण बहुतेक सवयीने डोळे मिटून ऐकत होत्या.

"माझा, आई."

"हां," काकू म्हणाल्या. "हा चुकला."

नचिकेतने दारातला डार्ट ओढून काढला आणि पुन्हा उभा राहिला. पहिला बाहेर गेला. दुसरा बाराच्या साध्या घरात. उरले बारा. डबल सहा अगदी उजवीकडे, मधल्या उंचीवर. तिसरा डार्ट त्या बारीक पट्टीत गेला, कडेला, तारेला घासून, पण आत.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डाव संपला होता, म्हणून त्याने चहा केला, आणि चहा झाल्यावर आम्ही उठलो. तो दारापर्यंत आला. मला तिथे थांबावंसं वाटत होतं, पण नियम आमचाच होता.

सोमवारी त्याने होकार कळवला. मार्चमध्ये चंद्रप्रभा येऊन काकूंना घेऊन गेली आणि एप्रिलमध्ये तो गेला. तिकडून तो फोटो पाठवतो. एका फोटोत बर्फ आहे आणि नचिकेत कानटोपीत भयंकर दिसतो. एकदा लिहिलं होतं, इथेही एक बोर्ड सापडलाय, पण भाषा येत नाही, नुसते आकडे कळतात. तो सुखात आहे का, हे मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतो, "बिल्कुल." काकूंनी पुण्यात कोणाशीही पटवून घेतलेलं नाही, असं चंद्रप्रभा सांगते.

जाताना तो बोर्ड आम्हाला देऊन गेला. आमच्याकडे भिंतींची कमी नाही. इशिताच्या खोलीत लावला, कारण ती रिकामीच असते. आता शुक्रवारी मी आणि परीक्षित दोघंच खेळतो. नियम तोच, एक डाव, मग चहा. वर्षभरात माझा हात चांगलाच बसलाय. परीक्षितचं खट् मात्र तसंच आहे.

परवा मी बत्तीसवर आले. पहिला डार्ट सोळात. सोळा उरले. दुसरा आठात. आठ उरले. डबल चार वर उजवीकडे आहे, मला माहीत आहे, रस्ता डोक्यात होता. हात उचलला आणि मनात आलं की आता संपलं तर चहा, आणि चहानंतर परीक्षित बातम्या लावणार आणि मी इशिताच्या खोलीतला दिवा मालवणार.

तिसरा डार्ट आठात गेला. आधीच्याला चिकटून.

परीक्षितने बोर्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यालाही तो आवाज माहीत होता.

"बस्ट," तो म्हणाला. "परत बत्तीस." आणि आपले डार्ट घेऊन तो सावकाश पट्टीवर जाऊन उभा राहिला.